तिसरं उदाहरण

प्राचार्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं, ते काही माझं शहाणपण बघून नाही. कॉलेजात ते सॉफ्टवेअर चालवता येणारी मी एकटीच होते. मी भोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प अहवाल संगणकात घालायचे, त्यातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती टक्के जुळतो ते बघायचं आणि तसा दाखला द्यायचा, हे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. ज्याला मशीन चालवता येतं त्याला नियमही कळत असणार, असा आपल्याकडे एक समज असतो.

विद्यापीठाचं पत्र आलं होतं. वाङ्मयचौर्याबाबतचं धोरण विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत पुन्हा लिहायचं आहे, व्याख्या, उदाहरणं आणि परिणाम स्पष्ट हवेत, भाषा भीती घालणारी नको, प्रत्येक कॉलेजने आपला मसुदा पाठवावा. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. पंधरा दिवसांत द्या." मी नाही म्हणू शकले असते. पण मराठी चांगलं आहे म्हटलं की मी विरघळते, हा माझा जुना रोग.

आमच्या कॉलेजचं आधीचं धोरण शोधलं. ते पहिल्या पानावर आमचं होतं आणि चौथ्या पानावर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कुठल्या तरी महाविद्यालयाचं. नाव बदलायचं राहून गेलं होतं. मी ते प्राचार्यांना दाखवलं. ते हसले नाहीत, म्हणून मीही हसू आवरलं आणि ते पान कपाटात परत ठेवलं.

मूळ धोरण वाचताना मला घाम फुटला. 'उक्त बाब निदर्शनास आल्यास संबंधितावर नियमानुसार शिस्तभंगाची कारवाई प्रस्तावित करण्यात येईल.' बाब कुठली, संबंधित कोण, कारवाई कसली, काही पत्ता नाही. पोलीस ठाण्यातला फलक बरा. हे वाचून मुलं दोनच गोष्टी करणार, एक तर घाबरणार किंवा वाचणारच नाहीत. आमची मुलं दुसरी गोष्ट करत होती.

मग मी लिहायला बसले. व्याख्या एका वाक्यात केली: दुसऱ्याचे शब्द, कल्पना, आकडे किंवा कामाची पद्धत, तो दुसरा कोण हे न सांगता, आपली म्हणून मांडणं. परिणाम पायऱ्या पाडून तक्त्यात घातले. दहा टक्क्यांपर्यंत जुळलं तर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रतसुद्धा देता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे दिल्लीहून सगळ्या विद्यापीठांसाठी आलेल्या नियमात आहे, त्यात मला काही बदलता येणार नव्हतं. पण आधी विभागाची समिती बघते, मग संस्थेची, तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा होत नाही, हे मी ठळक अक्षरात घातलं. संदर्भसूची आणि नाव देऊन अवतरणात घेतलेला मजकूर टक्क्यांत धरत नाहीत, हेही घातलं. 'भोर तालुक्यात भात पिकतो' याला संदर्भ लागत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'भोर तालुक्यात किती हेक्टरवर भात पिकतो' याला लागतो, कारण ते कुणीतरी मोजलेलं असतं. हे वाक्य जमल्यावर मी स्वतःवर बेहद्द खूश झाले आणि चहा मागवला.

मग तीन उदाहरणं लिहिली. पहिलं, संकेतस्थळावरचा उतारा घेऊन चारदोन शब्द बदलणाऱ्याचं. दुसरं, मोबाईलला विचारून आलेलं उत्तर जसंच्या तसं चिकटवणाऱ्याचं. तिसरं, विभागातला जुना प्रकल्प घेऊन गावाचं नाव बदलणाऱ्याचं. तिसऱ्याचा मी फार विचार केला नाही. ते सुचलं, लिहिलं.

मसुदा कुणाला तरी वाचायला द्यायला हवा होता. मला पहिली आठवली ती आमच्याकडे एम.ए. करणारी हिर्डोशीकडची विद्यार्थिनी. वय एकतीस, सासर-माहेर दोन्ही घाटाकडचं. त्याच रस्त्यावरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती तासिकेवर शिकवायची. बी.एड. झालं होतं, एम.ए. समाजशास्त्राचं दुसरं वर्ष चालू होतं. तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: या जूनपर्यंत एम.ए. झालं तर पुढच्या वर्षी तुझंच नाव, नाही झालं तर दुसरी बाई तयार आहे. तिचा प्रकल्प भातशेतीतल्या बायकांच्या कामावर होता. सगळं लिहून झालं होतं, तपासणीही मीच केली होती. आठ टक्के. दहाच्या आत. आता फक्त 'हे माझे स्वतःचे मूळ काम आहे' या प्रतिज्ञापत्रावर तिची सही आणि त्याखाली तिला मार्गदर्शन करणाऱ्या समाजशास्त्राच्या सरांची सही राहिली होती. जमा करायला बारा दिवस होते.

ती शनिवारी आली, ग्रंथालयाच्या लांब टेबलावर बसून तिने मसुदा वाचला. मी पुस्तकांवर शिक्के मारत होते आणि हळूच तिच्याकडे बघत होते. पहिल्या पानावर ती दोनदा मान हलवून हसली. मला बरं वाटलं. दुसऱ्या पानावर तिचं बोट एका जागी थांबलं आणि तिथंच राहिलं.

"मॅडम, हे तिसरं उदाहरण कुणाचं हाय?"

"कुणाचं नाही. उदाहरण आहे."

"न्हाई, हे माझंच हाय."

मला वाटलं गंमत करतेय. पण ती उठली, पिशवीतनं आपला अहवाल काढला आणि तिसरं प्रकरण उघडून माझ्यासमोर ठेवलं. संशोधन पद्धती. 'प्रस्तुत अभ्यासासाठी पन्नास कुटुंबांची यादृच्छिक पद्धतीने निवड करण्यात आली.' पुढे सहा पानं तशीच.

"आमच्या वाडीत घरंच बावीस हायेत," ती म्हणाली. "म्या अकरा बायकांशी बोलले. पन्नास कुठनं आणू?"

"मग लिहिलंस कशाला?"

"नमुन्यात हुतं."

आता हा नमुना म्हणजे काय ते सांगते. आमच्या समाजशास्त्र विभागात एक बांधीव प्रकल्प आहे. निळं कापड, कणा उसवलेला. कुणालाही प्रकल्प लिहायचा असला की सर म्हणतात, ग्रंथालयातनं नमुना घ्या आणि तसाच करा. मुलं येतात, मी काढून देते. वर्षानुवर्षं हेच. मुलं आपापलं गाव घालतात, आपापला विषय घालतात आणि तिसरं प्रकरण तसंच्या तसं उतरवतात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. जसं अकरावीचं जर्नल पुढच्या वर्गातल्या ताईचं बघून उतरवतात, तसंच हे. सर खूश, मुलं खूश. आणि मशीन? त्याला आठच टक्के दिसले. कारण तो नमुना कुठल्याच संगणकात नव्हता, आणि आमच्या मुलांचे तपासून झालेले अहवाल मशीन साठवून ठेवत नाही. जुन्या काळी टंकलेखकाकडून टाइप करून बांधून घेतलेला कागद. मशीनला कागद दिसत नाही.

आणि तिच्या हातात तो कागद दिला होता मीच. ऑक्टोबरात. "हा घे, असाच करायचा," असं म्हणून. मला ते तंतोतंत आठवलं आणि मी शिक्का खाली ठेवला.

ती विचारत होती, "मॅडम, ह्यात मी कुठल्या पायरीवर?"

टक्क्यांवर बघितलं तर सगळ्यात खालची पायरी, दंड नाही. माझ्या स्वतःच्या व्याख्येवर बघितलं तर सहा पानं आणि एक खोटा आकडा. माझ्याच मसुद्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि मी त्या चहा पीत एकाखाली एक लिहिल्या होत्या. तिने तक्ता पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आणि आपणहून सांगितलं तर काय हुतं? ते हितं लिवलेलं न्हाई."

खरंच लिहिलेलं नव्हतं. दिल्लीच्या नियमातही मला सापडलं नव्हतं. पकडलं तर काय, हे होतं. सांगितलं तर काय, हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. माझ्याही.

त्यानंतर मी जे म्हणाले ते लिहायला मला जड जातंय. मी आजूबाजूला बघितलं, वाचनकक्षात कुणी नव्हतं. मी म्हणाले, "हे बघ, दाखला आठ टक्क्यांचा आहे. मशीनला दिसत नाही, सरांना चालतंय. सही कर आणि मोकळी हो. तुझी नोकरी जाईल."

तिने अहवाल पिशवीत घातला. तिला हिर्डोशीकडची एस.टी. गाठायची होती, ती चुकली की वडापची जीप मिळेल तर मिळेल. "बरं मॅडम," म्हणून ती गेली. मी मसुदा उचलला, आणि तिसरं उदाहरण खोडावं की ठेवावं हेच मला कळेना. खोडलं. घरी जाऊन परत लिहिलं. सोमवारी पुन्हा खोडलं.

मंगळवारी मला काय सुचलं कोण जाणे, मी दाखल नोंदवही काढली. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची तीत नोंद असते. निळ्या नमुन्याचं पहिलं पान कधीच गळून पडलं होतं, त्यामुळे तो कुणाचा हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी बघितलंही नव्हतं. कण्यावरचा क्रमांक अर्धा पुसलेला. नोंदवहीची दोन पुस्तकं चाळल्यावर नोंद सापडली. एका मुलीचं नाव, गाव वरवे बुद्रुक. मग मी नमुना पहिल्यांदा मन लावून वाचला. शेवटी परिशिष्टात तक्ता होता, पन्नास कुटुंबांचा. प्रत्येक घरात माणसं किती, बाई शेतावर किती वाजता जाते, परत कधी येते. ती मुलगी पन्नास घरं खरोखर फिरली होती. वरव्यात तेवढी घरं आहेत. तिचे पन्नास खरे होते. पुढच्या सगळ्यांनी तिचे पन्नास वापरले, तिचं नाव एकानेही घेतलं नाही, आणि ते पुस्तक दर वर्षी मी माझ्या हाताने काढून देत आले. मला तिचा चेहराही माहीत नाही. पण फार लाज वाटली.

मी हिर्डोशीला फोन लावला. रेंज नव्हती. बुधवारी लागला. मी तिला नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हटलं, "नुसतं तुला माहीत असावं म्हणून." तिने एवढंच म्हटलं, "म्या लिवायला घेतलंय मॅडम. ते परकरण." मी विचारलं, बारा दिवसांत होईल का. ती म्हणाली, आता आठच राहिलेत, आणि फोन कट झाला.

ती आली ती थेट शेवटच्या दिवशी, दुपारी. नवी प्रत घेऊन. मी मशीनमध्ये घातली, सहा टक्के. मग तिसरं प्रकरण वाचलं. पन्नास कुटुंबं गेली होती. त्या जागी होतं: 'वाडीत बावीस घरे आहेत. मी ओळखीच्या घरांपासून सुरुवात केली, त्यामुळे ही निवड यादृच्छिक नाही. अकरा स्त्रिया बोलल्या. दोघींनी नकार दिला. एका घरी सुनेला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे सासूने दिली, ती मी वेगळी नोंदवली आहेत.' चार पानं. इतकं सरळ तिसरं प्रकरण मी आमच्या कॉलेजात वाचलेलं नाही. प्रश्नावली मात्र तिने जुन्या प्रकल्पातलीच ठेवली होती, आणि खाली लिहिलं होतं की ही प्रश्नावली वरवे बुद्रुकच्या अमुक विद्यार्थिनीच्या प्रकल्पातून घेतली आहे. पुढे एक ओळ: 'हा प्रकल्प विभागात नमुना म्हणून वापरला जातो. तो मला महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी दिला.'

मी ती ओळ दोनदा वाचली. खोटं काहीच नव्हतं तिच्यात.

ती प्रत घेऊन सरांच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. सह्या झाल्या नव्हत्या. पाठोपाठ मला बोलावणं आलं. सर वाईट माणूस नाहीत. डोळ्यांवर चष्मा चढवून ते ती ओळ बोटाने दाखवत होते.

"मॅडम, हे काय? विभागात नमुना म्हणून वापरला जातो? हे उद्या बाहेरच्या परीक्षकाच्या हातात जाणार. मग आजवरच्या सगळ्या प्रकल्पांचं काय? आणि तुमचंही नाव आहे यात."

"नाव नाही, हुद्दा आहे."

"एकच आहात तुम्ही. तिला सांगा, ती ओळ काढ. बाकी सगळं ठेवू दे. मी आत्ता सही करतो. पाच वाजता खिडकी बंद होते."

चार वाजून गेले होते. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही नीट मांडता येत नाही. सरांचं बोलणं मला पटत होतं. एका ओळीने तिचा प्रकल्प अडणार असेल तर ओळ गेलेली काय वाईट? प्रश्नावलीचा संदर्भ राहतच होता. आणि हो, माझा हुद्दा त्यात नसता तर मला बरं वाटलं असतं, हेही खरं. यातलं कुठलं कारण मोठं होतं ते मला वेगळं काढता येईना.

बाहेर व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. मांडीवर अहवाल, डोळे तांबारलेले, बहुतेक आठ दिवस झोप नसणार. मला बघून उठली.

"ओळ काढायची का मॅडम? तुमी म्हणाल तसं."

तुमी म्हणाल तसं. मी म्हणाले तसंच तर ती करत आली होती. मी म्हणाले म्हणून तिने नमुना उतरवला. मला एकदम राग आला, तिचा नाही, कुणाचा ते कळेना. मी म्हटलं, "खरी आहे ना ती?"

"व्हय."

"मग राहू दे."

मी परत आत गेले आणि सरांना म्हटलं, नमुना मीच दिला, दर वर्षी देते, तुम्ही सांगता म्हणून देते, पण देते मीच. परीक्षकाने विचारलं तर मला बोलवा. आणि हे सगळं धोरणाच्या तिसऱ्या उदाहरणात जाणार आहे, नमुना देणाऱ्याच्या चुकीसकट, तेव्हा आज ना उद्या ते बाहेर येणारच. हे शेवटचं मी तेव्हाच ठरवलं, आधी ठरवलेलं नव्हतं. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हा नमुना मीही वापरलाय मॅडम. विद्यार्थी असताना." आणि त्यांनी सही केली. प्रतिज्ञापत्रावर तिने सही केली ती त्यानंतर, त्यांच्याच टेबलावर वाकून.

पाचला दहा कमी असताना अहवाल जमा झाला. पावती घेऊन ती ग्रंथालयात आली. गुण किती पडतील, परीक्षक त्या ओळीवर काय म्हणेल, नोकरी राहील की नाही, काहीच ठाऊक नव्हतं. मी तिला धोरणाविषयी विचारलं. म्हटलं, खरं सांग, वाचून भीती वाटते का अजून?

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "भ्या वाटलं असतं तर सही करून गप बसले असते. वाचल्यावर नुसतं कळलं की हे म्या केलंय."

ती गेल्यावर मी तिच्या अहवालाची माझ्याकडची प्रत पुन्हा उघडली. आठ दिवसांत तिने सगळं कबूल केलं होतं. कुणाकडून काय घेतलं, कुणी काय दिलं, कोण बोललं, कोण बोललं नाही. पानं उलटत शेवटापर्यंत गेले. त्या शनिवारी ग्रंथपालांनी तिला गुपचूप सही करायला सांगितलं होतं, हे तिने कुठंही लिहिलं नव्हतं.